एका राजीनाम्याचा कच्चा खर्डा



पत्रलेखन शिकवताना आपण सगळे काय करतो? फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात दिनांक, डावीकडे ‘प्रति’, मग विषय, मग महोदय, मधे दोन परिच्छेद आणि खाली ‘आपला विश्वासू’. मीही दहा-बारा वर्षं हेच शिकवत आले. ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’ हा शब्द तर मुलांना रजेच्या अर्जामुळे इतका पाठ आहे की लग्नाला जायचं असलं तरी तोच लिहितात. पण यंदा फेब्रुवारीत एक पत्र माझ्या हातानं लिहिलं गेलं आणि त्यात हा शब्द बसवायचा की नाही यावर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. त्या पत्राची ही गोष्ट.

आमच्या तालुक्याच्या गावी एक जुनं वाचनालय आहे. त्याचं समूहगान पथक गुरुजींनी १९९६ साली उभं केलं. गुरुजी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. २००९ ला निवृत्त झाले, पण पथक चालूच राहिलं. पंधरा-सोळा शाळकरी मुलंमुली, आम्ही सात-आठ मोठी माणसं, एक पेटी, एक तबला. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला तहसील कचेरीसमोर राष्ट्रगीत आणि त्यानंतर एक-दोन गीतं आमचीच. मी २०१६ पासून पथकात आहे. आधी गायला म्हणून गेले, मग मुलांची हजेरी घ्यायला लागले आणि नंतर गुरुजींच्या शेजारी बसून वही धरायला लागले.

गुरुजींना मनगटी घड्याळाची फार हौस. हौस म्हणजे दिखाव्याची नाही, मोजण्याची. राष्ट्रगीताच्या पूर्ण पाठाला सुमारे ५२ सेकंद लागावेत असं ठरलेलं आहे, हे आपण मुलांना सामान्यज्ञानात शिकवतो. गुरुजी ते पथकाकडून करून घ्यायचे. प्रत्येक कार्यक्रमानंतर वहीत आकडा लिहायचे. जुन्या वह्यांत पानोपान ५१, ५२, ५३ असेच आकडे आहेत. एकदा कधीतरी ४८ आहे आणि पुढे कंसात ‘पाऊस’ लिहिलंय. सगळ्यांना आडोशाला पळायचं होतं, म्हणून.

१५ ऑगस्ट २०२३ ला मला गाताना श्वास पुरेना. माझ्याच छातीत काही बिघडलंय असं वाटलं. घरी येऊन कुणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ बघितला आणि सहज वेळ मोजली. ५४. फार नाही. २६ जानेवारी २०२४ ला ५७. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला ६१. मुलांचे श्वास ओळीच्या मधेच तुटायला लागले होते, आणि ओळ मधे तुटली की मुलं पुढचा शब्द उशिरा उचलतात, म्हणजे आणखी वेळ जातो. गुरुजींच्या वहीत मात्र २०२३ नंतर आकडेच नव्हते. त्यांनी मोजणं थांबवलं होतं की लिहिणं थांबवलं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

मी काय केलं ते सांगते. मी मागच्या रांगेत जाऊन उभी राहिले. मुलांना हळूच सांगितलं, ‘गुरुजींकडे बघा, पण माझा आवाज ऐका.’ आणि मागून जरा जोरात, जरा पुढे गायला लागले. वर्गात एखादं पोर वाचताना अडखळलं की आपण ओठ हलवून शब्द पुरवतो ना, तसं. वाटलं, गुरुजींची लाज राखतेय मी. एक वर्ष मी हे केलं.

आता आजाराबद्दल. सांगलीच्या डॉक्टरांनी २०२२ सालीच सांगितलं होतं, पार्किन्सन्स. आपल्याकडे जुनी माणसं कंपवात म्हणतात. मेंदूत डोपामाइन नावाचं द्रव्य तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि शरीराच्या हालचाली मंद आणि आखडत्या होतात. नाव कंपवात असल्यामुळे सगळ्यांचं लक्ष थरथरीकडे जातं. पण गाणं शिकवणाऱ्या माणसाला थरथरीचा त्रास सगळ्यात कमी. हा कंप बहुतेक वेळा हात मांडीवर निवांत पडलेला असताना दिसतो आणि हात कामाला लागला की कमी होतो. म्हणून गुरुजी हात उचलून ताल द्यायचे तेव्हा हात स्थिर दिसायचा, आणि बघणारे म्हणायचे, ‘काही झालं नाही हो त्यांना, ठणठणीत आहेत.’

खरं नुकसान वेगळ्या तीन ठिकाणी होत होतं. एक, हाताची झेप. पूर्वी समेवर गुरुजींचा उजवा हात खांद्यापासून कमरेपर्यंत यायचा, शेवटच्या रांगेतल्या बुटक्या पोरालाही दिसायचा. तो हळूहळू वितभर झाला, मग चार बोटं. त्यांना स्वतःला तो पूर्वीएवढाच वाटायचा. दोन, आवाज. या आजारात आवाज बारीक होतो आणि गंमत म्हणा की क्रूरपणा म्हणा, ज्याचा होतो त्याला तो नेहमीसारखाच ऐकू येतो. गुरुजी म्हणायचे, ‘हल्लीची पोरं लक्ष देत नाहीत.’ काकू म्हणायच्या, ‘मला बहिरी समजतात.’ दोघंही खरं बोलत होते. तीन, लय. तबला चालू असला की गुरुजी तालात चोख, कारण बाहेरून ठेका कानावर आला की अशा माणसाच्या हालचालीला आधार मिळतो. म्हणून तालमीत काही जाणवायचं नाही. राष्ट्रगीत आम्ही तबल्याशिवाय, फक्त त्यांच्या हातावर म्हणतो. तिथे आधार काढून घेतला की लय घसरायची. (काहींची लय उलट धावायला लागते म्हणतात. गुरुजींची मंदावली.)

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा उमगली. पट्टी. आमची गीतं पूर्वी पांढरी दोनमध्ये असत. गुरुजींचा हिशोब साधा होता: मुलांना वरचा सा किंचाळावा लागू नये आणि खाली मंद्र पंचमावर आवाज विरू नये. पांढरी दोनमध्ये हे दोन्ही जमतं. गुरुजींचा आवाज वर पोचेना तसे ते नकळत खाली उतरले. आधी पांढरी एक, मग थेट पांढरी सात. स्वतःला सोपं पडेल तिथे माणूस जातोच. पण पांढरी सातमध्ये मंद्र पंचम आला की दहा वर्षांच्या मुलीचा गळा तिथे पोचतच नाही. ती गात नाही, बोलते किंवा नुसते ओठ हलवते. पथक एकदम पोकळ वाटायचं आणि आम्ही मुलांना ओरडायचो, ‘जोर लावा!’ जोर कुठून लावणार? तिथे त्यांच्याकडे स्वरच नव्हता. तुमच्या शाळेत प्रार्थनेच्या एखाद्या ओळीला मुलांचा आवाज अचानक गायब होत असेल तर आधी पट्टी तपासा, मुलांना रागावू नका.

२६ जानेवारी २०२५ ला ६४ सेकंद झाले. कार्यक्रम संपल्यावर नेहमीसारखी जिलेबी वाटली. गुरुजी खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर, अंगठा तर्जनीवर घासल्यासारखा हलत होता. मला जवळ बोलावलं.

‘किती झाले?’

मी गप्प.

‘तुझ्या मोबाईलमधे असतं. किती?’

‘चौसष्ट, गुरुजी.’

‘आणि तू मागून ओढत होतीस, तरी चौसष्ट.’

मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, ‘तसं नाही गुरुजी, मुलांना जरा...’

‘अगं बाई, अठ्ठावीस वर्षं मी कान देऊनच बसलोय. मागच्या रांगेतून कोण पुढे जातंय हे मला कळणार नाही? पहिल्यांदा वाटलं, तुझं चुकतंय. घरी जाऊन घड्याळ लावून बघितलं. मग कळलं.’ थोडं थांबून म्हणाले, ‘तू मला सांगायला पाहिजे होतंस. वर्ष गेलं ना. त्या वर्षात पोरं दोन माणसांमागे गायला शिकली. ते सुधारायला आता आणखी वर्ष लागेल.’

रागावले नव्हते. त्यामुळेच जास्त लागलं.

पुढच्या रविवारी त्यांनी घरी बोलावलं. राजीनामा लिहायचा होता आणि तो मी लिहावा असं त्यांचं म्हणणं. कारण त्यांनी दाखवलं. समोर चार कागद होते. ओळीची सुरुवात त्यांच्या नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात, आणि ओळ संपेपर्यंत अक्षर मोहरीएवढं. ‘कार्यवाह’ मोठा आणि त्याच ओळीतला ‘यांस’ भिंग लावून वाचावा लागेल असा. हेही याच आजाराचं लक्षण. मग मी गाण्यांच्या पाचही वह्या चाळल्या. तिसऱ्या वहीपर्यंत अक्षर एकसारखं. चौथीच्या शेवटापासून ओळी उजवीकडे निमुळत्या होत गेलेल्या. तारखा बघितल्या तर डॉक्टरांकडे जायच्या आधीची दोन वर्षं निघाली. वही रोज माझ्या हातात असायची. मी ती वाचत होते, पण अक्षराकडे बघत नव्हते. इतरांच्या मुलांच्या अक्षराला रोज शेरा देणारी मी!

मी खर्डा घातला. पहिला अगदी पुस्तकी. ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे मी पथकप्रमुख पदाचा राजीनामा देत आहे, तो मंजूर व्हावा ही नम्र विनंती.’ गुरुजींनी ऐकलं आणि विचारलं, ‘हे वाचून कार्यवाह काय म्हणतील?’

‘म्हणतील, विश्रांती घ्या, बरं वाटलं की या.’

‘बरोबर. म्हणजे हा राजीनामा नाही, रजेचा अर्ज आहे.’

अस्वास्थ्य या शब्दात बरं होण्याची आशा दडलेली असते, हे मला तोवर सुचलं नव्हतं. ताप असो, कावीळ असो, पार्किन्सन्स असो, सगळ्यांना तोच शब्द. हा आजार गोळ्यांनी आवाक्यात राहतो, पण मागे फिरत नाही. ते पत्रात कळायला हवं होतं.

दुसऱ्या खर्ड्यात मी आजाराचं नाव घातलं. त्याला काकूंनी हरकत घेतली. चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, ‘वाचनालयाची फाईल कोणीही उघडतं. उद्या दुकानात गेले की चार बायका विचारणार, गिळता येतं का, चालता येतं का. मला नाही सांगत बसायचं.’ गुरुजींना नाव लपवायचं नव्हतं. ‘चोरी केली नाही मी,’ म्हणाले. थोडा वेळ दोघांत धुसफूस झाली. मी खाली मान घालून पेनचं टोपण उघडझाप करत बसले. शेवटी गुरुजींनीच तोडगा काढला. समितीला आजाराशी देणंघेणं नाही, कामाशी आहे. म्हणून आजाराचं नाव नको, काम कुठे अडतं ते लिहायचं. हात मोठा होत नाही, आवाज मागच्या रांगेत पोचत नाही, लय मंदावते. या तीन गोष्टींवर कुणी ‘बरं वाटलं की या’ म्हणू शकत नाही. काकूंनाही ते पटलं. त्या फक्त म्हणाल्या, ‘चौसष्ट सेकंद लिहा. आकडा असला की लोक वाद घालत नाहीत.’

मग तारखेचा प्रश्न. मी ‘आजपासून’ लिहिलं होतं. गुरुजींनी खोडायला लावलं. आजपासून सोडलं तर १ मेची तयारी कोण करणार? पण ‘योग्य व्यक्ती मिळेपर्यंत’ असंही लिहायचं नाही, कारण योग्य व्यक्ती कधीच मिळत नसते. वाचनालयात एका जुन्या ग्रंथपालांचा असा मोघम राजीनामा पावणेदोन वर्षं कुणाच्या तरी खिशात फिरला होता. म्हणून शेवटचा दिवस पक्का, १ मे २०२५. त्या दिवशी राज्यगीत आणि राष्ट्रगीत, दोन्ही नव्या माणसाच्या हातावर, आणि गुरुजी तिथे हजर पण खाली बसलेले. राज्यगीत २०२३ पासूनचं, त्याची दोनच कडवी घ्यायची असतात आणि आमची पोरं सवयीनं तिसऱ्याकडे वळायची, त्यामुळे तिथे हात लख्ख दिसायलाच हवा असं ते म्हणाले.

सगळ्यात अवघड ओळ पुढची. समिती त्यांना ‘मानद मार्गदर्शक’ करणार हे गावात सगळ्यांना आधीच माहीत होतं. शाल, श्रीफळ आणि पत्रिकेवर नाव. माझ्या मते त्यात वाईट काय होतं? मी तसं बोललेही. गुरुजी म्हणाले, ‘मी समोर खुर्चीत मानद म्हणून बसलो, की नवा माणूस पट्टी ठरवताना माझ्याकडे बघणार. मी मान हलवली की पांढरी सात. मग राजीनामा कशाला?’ म्हणून पत्रात तसं स्पष्ट लिहिलं. हे वाक्य उद्धट वाटू नये म्हणून मी तीनदा फिरवलं. शेवटी त्यांनी सांगितलेलंच साधं वाक्य ठेवलं.

वारसाचं नाव घालायचं का? त्यांनी घातलं नाही. त्यांच्या मते पथकप्रमुख एकट्यानं चार कामं करत होता: सूर देणं, हात देणं, गीत निवडणं आणि मुलं सांभाळणं. चारही एकाच्या गळ्यात मारू नका, एवढंच त्यांनी सुचवलं. तबलजी लयीत पक्के आहेत, त्यांनी हात द्यावा. सूर ज्याचा गळा मुलांच्या जवळचा, त्यानं द्यावा. हे बोलताना माझ्याकडे बघितलं नाही, पण काकू हसल्या.

पत्र असं झालं. त्यांच्या परवानगीनं, गावाचं नाव गाळून देते.

दिनांक : ३ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. कार्यवाह,
सार्वजनिक वाचनालय

विषय : समूहगान पथकाच्या प्रमुखपदाचा राजीनामा

महोदय,

सन १९९६ पासून मी आपल्या समूहगान पथकाचे काम पाहत आहे. गेली तीन वर्षे माझ्या उजव्या हाताची हालचाल लहान व मंद झाली आहे आणि माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. औषधोपचार चालू आहेत. त्यांनी रोजचे व्यवहार चालतात, परंतु पथकाला हात देण्याइतकी सुधारणा होणार नाही. दि. २६ जानेवारी रोजी राष्ट्रगीतास ६४ सेकंद लागले. तो दोष मुलांचा नसून माझा आहे.

सबब मी प्रमुखपदाचा राजीनामा देत आहे. दि. १ मे २०२५ चा कार्यक्रम नव्या व्यक्तीने सादर करावा आणि त्या दिवशी मला कार्यमुक्त करावे. तोपर्यंत दर रविवारी सकाळी मी तालमीस येईन व बसून गीते सांगेन. हात देणार नाही.

पुढील वस्तू मी सोबतच्या यादीप्रमाणे सुपूर्द करीत आहे : पेटी १, तबला-डग्गा १ जोडी, हातोडी १, गीतांच्या वह्या ५, हजेरीपत्रके, कपाटाच्या किल्ल्या २ व शिल्लक रोख रु. ३,४६०. चौथ्या व पाचव्या वहीतील पट्ट्या माझ्या गळ्याच्या सोयीने उतरवलेल्या आहेत. त्या ग्राह्य धरू नयेत. पहिल्या तीन वह्यांतील पट्ट्या घ्याव्यात.

मला कोणतेही मानद पद देऊ नये. विचारल्यास मी घरी उपलब्ध आहे.

आपला,
(स्वाक्षरी)

पट्ट्यांचं ते वाक्य त्यांनी अगदी शेवटी, मी पेन मिटल्यावर सांगितलं. म्हणजे तेही त्यांना ठाऊक होतं. मी लिहिताना एकदा त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

आता स्वाक्षरी. बाकी सगळं माझ्या अक्षरात असलं तरी ती त्यांचीच हवी होती. त्यांनी कच्च्या कागदावर करून बघितली, आडनाव येईपर्यंत ठिपका उरला. इथे मात्र माझी डी.एड. कामाला आली. मी पिशवीतून पट्टी-पेन्सिल काढली आणि पहिलीच्या पोरांना आखून देतो तशा दुरेघी आखल्या, बोटभर उंचीच्या. ‘अक्षर वरच्या आणि खालच्या, दोन्ही रेघांना टेकवायचं गुरुजी.’ अशा माणसाला समोर रेघ दिसली की हाताला पुन्हा माप सापडतं, हे मला तेव्हा पुस्तकातून माहीत नव्हतं; नुसतं सवयीनं केलं. दोनदा गिरवून झाल्यावर त्यांनी खऱ्या पत्रावर सही केली. एकेक अक्षर टेकवत, साधारण अर्धा मिनिट. शेवटच्या अक्षरापर्यंत आकार टिकला. शाई वाळल्यावर मी खोडरबरानं रेघा पुसल्या.

काकूंनी एक वेगळी वही आणून ठेवली आणि म्हणाल्या, ‘हिच्यातही आखून दे पानं.’ तेव्हापासून मी शाळेच्या दुकानातून त्यांना दुरेघी वह्याच आणून देते.

सोमवारी पत्र दोन प्रतींत नेलं. कार्यवाहांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, ‘ठेवा, बघू या बैठकीत.’ मी म्हटलं, ‘दुसऱ्या प्रतीवर पोच द्या.’ ते जरा नाराज झाले. पण आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला, तारीख घातली. मंजुरी मार्चच्या बैठकीत झाली. मानद पदाचा ठराव एकानं मांडलाच होता, पण पत्र मोठ्यानं वाचून दाखवल्यावर त्यानं तो मागे घेतला.

मधले तीन महिने सोपे गेले नाहीत. पहिल्या वहीप्रमाणे पुन्हा पांढरी दोन धरली तर मोठी माणसं कुरकुरली, वर ताणावं लागतं म्हणून. मुलांचे गळे मात्र दोन रविवारांत मोकळे झाले. खाली गायब होणारी ओळ ऐकू यायला लागली. तबलजींनी हात द्यायला सुरुवात केली तेव्हा पोरं त्यांच्याकडे बघेचनात. त्यांना माझ्या आवाजाकडे कान लावायची सवय, जी मीच लावली होती. मग मी पुढच्या रांगेच्या कडेला उभी राहिले आणि राष्ट्रगीताच्या तालमीला तोंड बंद ठेवलं. गुरुजी खुर्चीत बसून मला बोट दाखवायचे, गप्प म्हणून. तालीमही आम्ही सकाळी नऊला ठेवली, कारण त्यांच्या सातच्या गोळीचा जोर तेव्हा चांगला असतो. संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे दुपारच्या गोळीचा अंमल उतरताना, ते खुर्चीतून उठताना अडकायचे. हे आधीच विचारलं असतं तर आधीची दोन वर्षंही त्यांना जरा सोपी गेली असती.

१ मे ला राष्ट्रगीत ५७ वर आलं. शाल-श्रीफळ झालंच, ते काही चुकलं नाही. गुरुजी दोन वाक्यं बोलले. माईक तोंडाजवळ धरूनही दुसरं वाक्य पुढच्या दोन रांगांपलीकडे गेलं नाही.

१५ ऑगस्टला ते काकूंबरोबर रिक्षानं आले आणि ध्वजस्तंभाच्या डाव्या अंगाला सावलीत थांबले. राष्ट्रगीताला काठी सोडून, काकूंच्या खांद्याला धरून उभे राहिले. मी सूर देऊन गप्प झाले, पोरं तबलजींच्या हाताकडे बघून गायली. संपल्यावर मी त्यांच्याकडे गेले तर ते खिशातून दुरेघी वही काढत होते. दोन रेघांमध्ये, दोन्ही रेघांना टेकवून, लिहिलं : पां. २. ५३.

‘एक सेकंद जास्त आहे,’ म्हणाले.

‘पाऊस नव्हता, गुरुजी,’ मी म्हटलं.